आंबा पल्पच्या करारासाठी रत्नागिरीत पहिली बैठक: कोणी बसावे, काय झाकावे आणि मसुदा कोणी आणावा?

गोळपवाट (धागाकर्ता)

नमस्कार. रत्नागिरीजवळ आमचा आंबा कॅनिंगचा लहान कारखाना आहे. वडील, काका आणि मी असे तिघे संचालक असलेली ही खासगी मर्यादित कंपनी असून, उद्यम नोंदणीत ती लघुउद्योग म्हणून नोंदलेली आहे. आजवर आम्ही हंगामात पल्प काढायचो आणि तो ठरलेल्या दोन-तीन व्यापाऱ्यांना, बहुतेक वेळा फोनवरच्या बोलीवर, विकायचो. आता पुण्याच्या एका आइस्क्रीम कंपनीने तीन हंगामांसाठी, दर हंगामाला साठ टन हापूस पल्प 3.1 किलोच्या डब्यांत घेण्याची तयारी दाखवली आहे. मे महिन्यात कॅनिंगचा आंबा सुरू होण्याआधी सर्व ठरावे, म्हणून त्यांना जानेवारीत प्रत्यक्ष बैठक हवी आहे.

त्यांच्या खरेदी विभागाच्या ईमेलमध्ये तीन गोष्टी आहेत. पहिली, त्यांच्याकडून चार जण येतील आणि त्यांतील एक ‘बाहेरचे फळप्रक्रिया सल्लागार’ असतील. दुसरी, बैठक आमच्याच कारखान्यात घ्यावी, म्हणजे पाहणीही होईल. तिसरी, त्यांचा नेहमीचा छापील करार ते सोबत आणतील आणि सर्व मान्य झाल्यास त्याच दिवशी स्वाक्षऱ्या करता येतील.

वडिलांना यात काही वावगे वाटत नाही. मला मात्र या बैठकीची मांडणी आधी आपण करावी असे वाटते, परंतु ती कशी करावी हे कळत नाही. आपल्याकडून कोणी बसावे, कोणती माहिती द्यावी आणि मसुदा त्यांचा घ्यावा की आपला न्यावा, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया लिहावे.

मिऱ्याबंदर

आपला मसुदा आपणच न्यावा, हा व्यवहारातला पहिला नियम आहे. ज्याचा कागद त्याचे कलम. एखाद्या वकिलांकडून वीस-पंचवीस पानांचा पूर्ण करार करून घ्या आणि बैठकीत तोच समोर ठेवा. शंभर रुपयांच्या स्टँपवर गोपनीयतेचा करार करून घ्या आणि त्यातच टाका की ही कंपनी पुढची पाच वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात दुसऱ्या कोणाकडून पल्प घेणार नाही. तसेच बैठकीआधीच्या प्रत्येक पत्रावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहायला विसरू नका, म्हणजे तुम्ही लिहिलेले काहीही पुढे तुमच्याविरुद्ध वापरता येणार नाही.

हर्णैकर

वाद कशावरून झाला आहे ते धाग्यात स्पष्ट लिहिलेले नाही. पैसे थकले आहेत की मालाच्या प्रतीवरून तक्रार आहे? दोन कंपन्यांत वाटाघाटी करायच्या असतील तर तिऱ्हाईत मध्यस्थ नेमल्याशिवाय बसू नये. 2023 साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झालेला आहे आणि त्यात मध्यस्थासमोरच्या बोलण्याला गोपनीयतेचे संरक्षणही मिळते.

गोळपवाट

हर्णैकर साहेब, वाद काहीच नाही. व्यवहारच अजून सुरू व्हायचा आहे, त्यापूर्वीची ही बोलणी आहे.

वाशिष्ठी

मी चिपळूणला कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते आणि अशा बैठकांची कागदपत्रे अनेकदा तयार केली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी मिऱ्याबंदर यांच्या मुद्द्यांविषयी. ‘विदाउट प्रेज्युडिस’ ही ओळ वाद मिटवण्याच्या बोलण्यांसाठी असते. वाद मिटवताना, पुरावा म्हणून वापरायचे नाही या अटीवर दिलेली कबुली दिवाणी दाव्यात पुढे आणता येत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील कलम 23 ची ही तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 21 मध्ये आहे. येथे वादच नसल्यामुळे त्या ओळीचा उपयोग जवळजवळ नाही. आपल्याला भीती वेगळ्या गोष्टीची आहे, ती म्हणजे बोलता बोलता आणि ईमेल करता करता करार होऊन बसण्याची. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या बॉक्साइटच्या व्यवहारात असे ठरवले की, औपचारिक करारावर सह्या झालेल्या नसल्या तरी ईमेलमधून माल, दर, नग आणि इतर मुख्य अटींवर एकमत झालेले असेल, तर करार पक्का झालेला असतो. त्यामुळे तुमच्या पहिल्याच उत्तरात हे वाक्य जायला हवे: ‘दोन्ही कंपन्यांच्या अधिकृत व्यक्तींनी अंतिम लेखी करारावर स्वाक्षऱ्या करेपर्यंत या पत्रव्यवहारातील किंवा बैठकीतील काहीही खरेदी-विक्रीसाठी बंधनकारक नाही.’ गोपनीयतेचा करार मात्र यातून वगळावा, कारण तो पहिल्या दिवसापासून बंधनकारक हवा आहे.

पाच वर्षे दुसऱ्या कोणाकडून घेणार नाही, ही अट भारतीय करार अधिनियमाच्या कलम 27 वर अडकेल. व्यापार करण्यास आडकाठी करणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. चालू कराराच्या मुदतीत ‘अमुक माल आमच्याकडूनच’ अशी अट न्यायालयांनी मान्य केलेली आहे, पण नुसत्या बोलण्याच्या टप्प्यावर, काही विकत घेण्याआधीच, खरेदीदाराचे हात पाच वर्षे बांधणारा कागद टिकेल असे मला वाटत नाही, आणि मुळात पुण्याची कंपनी त्यावर सही करणार नाही. स्टँपही आता शंभरचा नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून अशा सर्वसाधारण करारांना किमान पाचशे रुपये मुद्रांक शुल्क आहे. कमी मुद्रांकामुळे करार रद्द होत नाही, पण तुटलेले शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुरावा म्हणून वाचला जात नाही. गोपनीयता मोडली म्हणून तातडीने मनाईहुकूम मागायला जावे आणि तेथे मुद्रांकावरून दोन आठवडे जावेत, हे परवडणारे नाही.

आता क्रम. माझ्या मते आधी गोपनीयतेचा कागद, मग उपस्थितांची नावे, मग अटींचे टिपण आणि शेवटी बैठक. त्यांच्या ईमेलने हा क्रम उलटा केला आहे. बैठक, पाहणी, मसुदा आणि सही असे सर्व एकाच दिवशी, आणि गोपनीयतेचा उल्लेखही नाही.

उपस्थितांबाबत सर्वात मोठा प्रश्न त्या बाहेरच्या सल्लागारांचा आहे. ते त्या कंपनीचे नोकर नाहीत, त्यामुळे कंपनीने सही केलेल्या गोपनीयता कराराने ते आपोआप बांधले जात नाहीत. कोकणात फळप्रक्रियेचे सल्लागार मोजके आहेत आणि ते एकाच हंगामात देवगडपासून दापोलीपर्यंत अनेक कारखान्यांना सल्ला देतात. त्यांनी स्वतः वेगळ्या जोडपत्रावर सही करावी आणि सध्या आणखी कोणत्या पल्प उत्पादकांसाठी काम करतात ते लेखी सांगावे. तेवढे होणार नसेल तर त्यांना दर आणि अटींच्या चर्चेत बसवू नये; मालाच्या प्रतीविषयीच्या पहिल्या तासापुरते बसवावे.

तुमच्या बाजूने किती जण आणि कोण, हे कृपया सांगा, म्हणजे पुढे लिहिता येईल.

गोळपवाट

खूप आभार, ताई. आमच्याकडून वडील, काका, मी आणि उत्पादन पाहणारे आमचे जुने सुपरवायझर असे चौघे बसू असे घरात ठरले होते. काकांविषयी एक अडचण मोकळेपणाने लिहितो. बागायतदारांशी आंब्याचा दर तेच ठरवतात आणि आमचा सगळा हिशेब त्यांच्या तोंडपाठ आहे. समोरच्याने आपुलकीने चार प्रश्न विचारले की ते सर्व आकडे सांगून मोकळे होतात. त्यांना वगळले तर घरात रुसवा होईल, आणि बसवले तर दुपारच्या जेवणापर्यंत आमचा नफा पुण्याला कळेल.

जुना खरेदीदार

मी बरीच वर्षे एका मोठ्या खाद्य कंपनीत फळांचा गर आणि दुग्धजन्य पदार्थांच्या खरेदीत होतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. आमच्याकडे अशा बैठकीला जाताना एकाला मुद्दाम काही काम दिलेले नसे. तो फक्त विक्रेत्याच्या माणसांशी गप्पा मारायचा, आणि गोळपवाट यांचे काका ज्या गोष्टी सांगतील असे त्यांना वाटते, त्याच गोष्टी आम्हाला हव्या असत. कारखान्यात बैठक मागण्याचा उद्देशही पुष्कळदा तोच असतो. काट्याजवळ वजनाच्या पावत्यांचे पुस्तक उघडे असते, फळ्यावर आदल्या हंगामाचा उतारा लिहिलेला असतो, गोदामातील खोक्यांवर दुसऱ्या ग्राहकांची लेबले असतात. कोणालाही काही न विचारता अर्ध्या तासात विक्रेत्याचा हिशेब समजतो.

काकांना घरी ठेवण्याचे मात्र एक चांगले आणि खरे कारण आहे. अंतिम निर्णय घेऊ शकणारे सगळेच जण खोलीत असले की, ‘आता लगेच सांगा’ या दबावाला उत्तर उरत नाही. एक संचालक बाहेर असेल तर ‘संचालक मंडळासमोर ठेवून चार दिवसांत कळवतो’ हे प्रामाणिकपणे म्हणता येते. काकांना तसेच सांगा: शेवटचा शब्द तुमचा, म्हणून तुम्ही खोलीत नाही.

मिऱ्याबंदर

मुद्रांकाची माहिती नवी होती, धन्यवाद. पण मसुदा आपलाच हवा, या मतावर मी ठाम आहे. त्यांचा छापील करार म्हणजे नव्वद दिवसांनी पैसे, माल कधीही परत आणि दाव्याची जागा पुणे. त्यातील एक-एक कलम खोडत बसण्यात संध्याकाळ होईल.

वेंगुर्ल्याचा काजूगर

या विषयावर माझा अनुभव लिहितो. आमचा काजू प्रक्रियेचा कारखाना आहे. एका मोठ्या मिठाई उत्पादकाबरोबर बसताना आम्ही मिऱ्याबंदर म्हणतात त्याप्रमाणे आपला पूर्ण मसुदा नेला होता, त्यांनी थोड्या दुरुस्त्या करून तो मान्य केला आणि सह्याही झाल्या. पैशाची मुदत तीस दिवस होती. त्यानंतर त्यांच्या संगणकातून प्रत्येक खेपेला खरेदी आदेश येऊ लागला आणि त्याच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरात साठ दिवस व इतर अटी छापलेल्या होत्या. आमचा मुलगा प्रत्येक आदेशावर ‘मान्य’ लिहून, शिक्का मारून परत पाठवत असे. पुढे पैसे लांबले तेव्हा त्यांचे म्हणणे असे की, नंतरचा कागद आदेशाचा आहे आणि तो तुम्ही मान्य केलेला आहे. शेवटी तडजोड झाली, पण मसुदा आपला होता याचा उपयोग झाला नाही.

वाशिष्ठी

काजूगर यांचा अनुभव मी सर्वांना पुन्हा वाचायला सांगेन. मुख्य करारात एक वाक्य पुरते: खरेदी आदेश, चलन किंवा बिलावरील छापील अटी आणि हा करार यांत विरोध असल्यास हा करार चालेल, आणि बदल करायचा तर दोन्ही बाजूंच्या अधिकृत व्यक्तींच्या सह्यांच्या वेगळ्या दुरुस्तीपत्रानेच करावा लागेल. आदेशाची पोच देताना ‘मान्य’ न लिहिता ‘मिळाला, अमुक तारखेच्या कराराच्या अटींवर’ असे लिहावे.

नव्वद दिवसांच्या अटीला गोळपवाट यांच्याजवळ कायद्याचे उत्तर आहे. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल घेतल्यावर, करारात काहीही लिहिले तरी, माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांपलीकडची मुदत 2006 च्या एमएसएमईडी कायद्याखाली चालत नाही आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. उद्यम प्रमाणपत्राची प्रत पहिल्याच पत्रासोबत पाठवा. मग तो मुद्दा टेबलावर वेळ खाणार नाही.

उपस्थिती: तुमच्याकडून वडील, तुम्ही आणि सुपरवायझर असे तिघे पुरेत. त्यांनाही तिघांवर यायला सांगा, सल्लागार धरून चौथी व्यक्ती पहिल्या तासापुरती. संचालक मंडळाचा ठराव आधी करा. कंपनी कायद्याच्या कलम 21 प्रमाणे कंपनीच्या वतीने करारावर सही करणाऱ्याला मंडळाचा अधिकार असावा लागतो. वडिलांना आणि तुम्हाला गोपनीयतेच्या करारावर सही करण्याचा व बोलणी करण्याचा अधिकार द्या, पुरवठा करारावर सही करण्याचा देऊ नका. येथे एक चूक हमखास होते. मंडळ त्याच ठरावात ‘अमुक रुपयांच्या खाली जाऊ नये’ असेही लिहिते, आणि मग समोरच्याने अधिकाराचा पुरावा मागितला की त्याच ठरावाची प्रमाणित प्रत त्यांच्या हाती जाते. किमान दराचा निर्णय वेगळ्या ठरावात ठेवा. त्यांच्याकडूनही असाच अधिकाराचा कागद मागवा, नाहीतर तुमच्याशी दिवसभर बोललेले गृहस्थ शेवटी ‘हे आमच्या फायनान्सला विचारावे लागेल’ असे म्हणतील.

सुपरवायझरांना मालाच्या प्रतीबद्दल बोलू द्या: ब्रिक्स किमान सोळा, आम्लता, रंग, डब्यांची तपासणी. उतारा, मजुरी आणि डब्यांची खरेदी किंमत हे विषय त्यांनी बोलू नयेत, हे त्यांना आदल्या दिवशी सांगावे लागेल, कारण त्यांना त्यात गुपित असे काही वाटतच नसते.

गोळपवाट

उताऱ्याचा उल्लेख दोघांनीही केला, म्हणून विचारतो. दर कसा ठरवावा यावरच आमचा मसुदा अडला आहे. तीन वर्षांसाठी एकच दर बांधला आणि कॅनिंगच्या आंब्याचा भाव चढला तर आम्ही बुडू. म्हणून काकांचे म्हणणे असे की आंब्याच्या भावावर चालणारे सूत्र द्यावे. पण सूत्र दिले की आपला सर्व हिशेब उघडा पडतो. मग गोपनीयता राहिली कोठे?

जुना खरेदीदार

अगदी योग्य प्रश्न विचारलात, आणि मसुदा कोणी आणावा याचे उत्तरही मला त्यातच दिसते. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेतो. समजा आंबा किलोला चाळीस रुपये आहे आणि दोन किलो आंब्यातून एक किलो पल्प निघतो. आंब्याचा खर्च ऐंशी, आणि डबा, मजुरी, इंधन, नफा मिळून पंचेचाळीस धरले, तर पल्पचा दर एकशे पंचवीस. आंबा पन्नासवर गेला तर दर एकशे पंचेचाळीस. हे सूत्र असेच्या असे कागदावर दिले तर मला, म्हणजे खरेदीदाराला, तुमचा उतारा कळला आणि पंचेचाळीसमध्ये किती पाणी आहे ते शोधायला मी सल्लागाराला बसवणार.

त्याऐवजी एवढेच लिहावे: पायाभूत दर एकशे पंचवीस, आंब्याचा पायाभूत भाव चाळीस, आणि भाव एक रुपयाने बदलला की पल्पचा दर अमुक रुपयांनी बदलेल. हा ‘अमुक’ आकडा म्हणजे तुमचा खरा उतारा असलाच पाहिजे असे नाही. तो बोलणीतून ठरलेला आकडा आहे. दोन असू शकतो, एक पूर्णांक आठ असू शकतो. हे सूत्र जो पहिल्यांदा कागदावर मांडतो, त्याच्या आकड्याभोवती पुढची चर्चा फिरते. म्हणून करार त्यांचा असो वा तुमचा, दराचे पान तुमचेच असले पाहिजे.

अडचण पुढे आहे. आंब्याचा भाव म्हणजे कोणाचा भाव? कॅनिंगच्या आंब्याला सरकारी दर नसतो. तो गावागावांत आणि दिवसागणिक वेगळा असतो. मी खरेदीदार असतो तर तुमच्या खरेदीच्या पावत्या मागितल्या असत्या.

गोळपवाट

पावत्यांवर बागायतदारांची नावे, गावे आणि फोन नंबर असतात. त्या दिल्या तर तिसऱ्या हंगामात ही कंपनी आमच्याशिवाय थेट आंबा उचलेल आणि पल्प कोणाकडूनही काढून घेईल. काकांची तीस वर्षांची माणसे आहेत ती.

मिऱ्याबंदर

म्हणूनच मी म्हणत होतो, बागायतदारांशी संपर्क करणार नाही अशी अट टाका.

वाशिष्ठी

ती अट टाकाच, मिऱ्याबंदर यांचे या ठिकाणी बरोबर आहे. कराराच्या काळात ती बरीचशी टिकेल. करार संपल्यावर कितपत टिकेल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण तेथे पुन्हा कलम 27 उभे राहते. शिवाय भारतात व्यापारी गुपितांसाठी अजून स्वतंत्र कायदा नाही. जे काही संरक्षण आहे ते कराराच्या शब्दांतून आणि न्यायालयांच्या निकालांतून येते. त्यामुळे जी माहिती बाहेर गेल्यावर परत घेता येत नाही, ती अटीच्या भरवशावर देऊच नये.

पावत्यांऐवजी सनदी लेखापालाचा दाखला सुचवते. हंगाम संपल्यावर तुमचे लेखापाल सर्व पावत्या पाहून ‘अमुक ते अमुक तारखेदरम्यान खरेदीचा भारित सरासरी भाव इतका’ असा दाखला देतील आणि त्यावर दराचा फरक काढला जाईल. खरेदीदाराला शंका असल्यास त्यांनी नेमलेला, पण गोपनीयतेने बांधलेला लेखापाल तुमच्या कार्यालयात येऊन पावत्या पाहील. त्याने प्रती न्यायच्या नाहीत आणि कंपनीला फक्त ‘भाव जुळतो’ किंवा ‘जुळत नाही, फरक इतका’ एवढेच कळवायचे.

त्यांना आइस्क्रीमच्या कपावर रत्नागिरी हापूस असे छापायचे असेल तर मूळ ठिकाणाचा पुरावाही ते मागतील, कारण हापूसला 2018 पासून भौगोलिक मानांकन आहे आणि त्या नावाचा वापर अधिकृत वापरकर्त्याच्या नोंदणीशी जोडलेला आहे. तेथेही खेपेचा क्रमांक आणि तालुका द्यावा. बागायतदाराचे नाव तपासणीसाला दाखवावे, खरेदी विभागाला नाही.

जुना खरेदीदार

लेखापालाच्या दाखल्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. हंगाम संपल्यावर दर ठरणार असेल, तर खरेदीदाराला मेमध्ये माल उचलताना किंमतच माहीत नसते, आणि आइस्क्रीमवाल्याची किंमत उन्हाळ्याआधीच बाजारात जाहीर झालेली असते. ते एक वरची मर्यादा मागतील. ती मागितली तर तुम्ही खालचीही मर्यादा मागा, पण या दोन आकड्यांवर बैठक मोडू शकते हे मनात धरून जा.

मसुद्याबद्दल वाशिष्ठी आणि मिऱ्याबंदर दोघांपेक्षा माझे मत वेगळे आहे. मोठी कंपनी लहान विक्रेत्याचा वीस पानी करार वाचत नाही. तो विधी विभागाकडे जातो आणि मार्चपर्यंत परत येत नाही. तुमच्या हंगामाला तेवढा वेळ नाही. छापील करार त्यांचाच राहू द्या, पण त्याला पहिल्या पानावर तुमचे दोन पानी विशेष अटींचे पत्रक जोडा आणि त्यात लिहा की विरोध असेल तेथे हे पत्रक चालेल.

वाशिष्ठी

हा मार्ग वेळ वाचवतो हे मान्य, पण छापील कराराच्या पोटातील कलमांशी विशेष अटी कोठे भिडतात, हे शोधायला शेवटी वकील लागतोच. विशेषतः माल परत करण्याची मुदत आणि नुकसानभरपाई या दोन कलमांत. डबे सहा महिन्यांनी फुगले तर दोष प्रक्रियेचा की त्यांच्या गोदामाचा, हे ठरवण्यासाठी राखीव नमुने कोण, किती आणि कोठे ठेवणार, हे छापील करारात कधीच नसते. माझी पसंती अशी: बैठकीला दोघांचाही करार नको. तुमचे दोन पानी अटींचे टिपण बैठकीच्या आठवडाभर आधी पाठवा, त्यांचा छापील करारही त्याच दिवशी वाचायला मागवा, बैठकीत चर्चा फक्त टिपणावर करा आणि त्यानंतर करार कोणी लिहायचा ते ठरवा. टिपणात दराच्या जागी पायाभूत आकडे रिकामे ठेवा. सूत्राचे स्वरूप लिहा, आकडे खोलीत बोला.

ईमेलचे उत्तर साधारण असे पाठवता येईल:

‘महोदय, आपल्या पत्राबद्दल आभार. बैठक रत्नागिरी शहरातील हॉटेलच्या सभाकक्षात ठेवावी असे आम्ही सुचवतो. कारखान्याची पाहणी गोपनीयता करारानंतर वेगळ्या वेळी, ठरलेल्या मार्गाने करता येईल. उभयपक्षी गोपनीयता कराराचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यावर बैठकीपूर्वी दोन्ही कंपन्यांच्या, आणि जोडपत्रावर आपल्या सल्लागारांच्या, स्वाक्षऱ्या व्हाव्यात. प्रत्येक बाजूने तीन प्रतिनिधी असावेत आणि त्यांची नावे, हुद्दे व अधिकारपत्र बैठकीच्या सात दिवस आधी एकमेकांना कळवावेत. यादीबाहेरील व्यक्ती उपस्थित राहणार नाही. आम्ही अटींचे टिपण त्याच मुदतीत पाठवू व आपला प्रमाणित करारही तेव्हाच मिळावा, ही विनंती. बैठकीच्या दिवशी पुरवठा करारावर स्वाक्षऱ्या होणार नाहीत.’

याखाली आधी दिलेले बंधनकारक नसल्याचे वाक्य टाका.

वेंगुर्ल्याचा काजूगर

हॉटेलबद्दल एक सांगतो. आरक्षण कंपनीच्या नावाने करू नका. हल्ली दर्शनी भागात पडद्यावर ‘अमुक कंपनीचे हार्दिक स्वागत’ असे झळकवतात, आणि आपल्याकडे संध्याकाळपर्यंत तालुक्यातील प्रत्येक कॅनिंगवाल्याला बातमी पोहोचलेली असते. जेवणही त्याच खोलीत मागवा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण होणार की नाही हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

हर्णैकर

माझा आधी गैरसमज झाला होता. इतिवृत्त कोणी लिहायचे, याविषयी कोणी लिहिलेले दिसत नाही.

वाशिष्ठी

चांगली आठवण केलीत. गोळपवाट, इतिवृत्त तुम्ही स्वतः लिहा. कोणते मुद्दे मान्य, कोणते खुले आणि कोण काय कधी पाठवणार, एवढेच एका पानात ठेवा, ‘बंधनकारक नाही’ हे वाक्य वर पुन्हा लिहा आणि दुसऱ्या दिवशी पाठवा. तोंडी सांगितलेली गोपनीय माहितीही त्यात फक्त विषयाने नोंदवा, आकड्याने नाही; गोपनीयता करारात ‘तोंडी माहिती दहा दिवसांत लेखी नोंदवल्यास गोपनीय’ असे कलम बहुधा असतेच.

गोळपवाट

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर आज पाठवले आहे. काकांना जुने खरेदीदार यांचे वाक्य वाचून दाखवले; ते खोलीबाहेर राहायला तयार झाले, मात्र दर बोलला जाईल तेव्हा फोनवर विचारायचे, या अटीवर. पुण्याहून आलेल्या पहिल्या उत्तरात जागा आणि नावांची यादी मान्य आहे, सल्लागार जोडपत्रावर सही करतील असेही लिहिले आहे, पण गोपनीयता करार त्यांच्याच नमुन्यात हवा आहे आणि तो एकतर्फी आहे. त्यात फक्त त्यांची माहिती गोपनीय धरलेली आहे. दरांच्या मर्यादांबद्दल मौन आहे.

वाशिष्ठी

त्यांचा नमुना घ्या, पण ‘माहिती देणारा पक्ष’ म्हणजे दोघांपैकी कोणीही, असा एकच बदल व्याख्येत करून परत पाठवा. बाकीची कलमे आपोआप दोन्ही बाजूंना लागू होतात का ते एकदा ओळ न ओळ वाचून पाहा. या बदलालाही नकार आला तर टिपणातील दराचे पान पाठवू नका. आणि काकांशी फोनवर बोलायचे असेल तेव्हा खोलीबाहेर जाऊन बोला.

मिऱ्याबंदर

मर्यादांचे काय ठरले ते बैठकीनंतर येथे लिहा. माझ्या मते वरची मर्यादा अजिबात देऊ नये.

जुना खरेदीदार

दिली नाही तर ते तीन वर्षांऐवजी एका हंगामाचाच करार मागतील. मी त्यांच्या जागी तेच केले असते.